पोळा आणि बैलाचा खांदा



पोळा जवळ आला. बाजारात गोंडे, घुंगरमाळा आणि रंगीत कासरे टांगलेले दिसू लागले. पोळा कसा करायचा हे तुम्हांला शिकवायला मी आलो नाही. ते तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आज मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे बैलाचा खांदा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आपण बैलाचा खांदा मळतो. कोणी त्याला खांदमळणी म्हणतात, कोणी खांदशेकणी म्हणतात. वऱ्हाडात, मराठवाड्यात, खानदेशात ही चाल घरोघर आहे. पण खांदाच का मळायचा? पाठ का नाही? पाय का नाही? याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो आज करू.

आधी दिवस पाहू. पोळा श्रावणी अमावस्येला येतो. पुणे जिल्ह्याच्या काही भागात तो भाद्रपदी अमावस्येला करतात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे पोळ्याऐवजी बेंदूर असतो, आणि तो आधी येतो. आपण आपल्या श्रावणी पोळ्याचे बोलू.

श्रावणी अमावस्येपर्यंत बैलाने काय काय केलेले असते? उन्हाळ्यात नांगरट केली. मग वखराच्या पाळ्या घातल्या. मृगाचा पाऊस पडला की पेरणी झाली. पीक वर आले की कोळपणी किंवा डवरणी झाली. एकदा नाही, दोन-तीन वेळा झाली. आता श्रावण सरला. ज्वारी, कपाशी वाढून तिची पाती एकमेकींना लागली. आता ओळींतून कोळपे चालत नाही, चालवले तर पीक मोडते. म्हणजे बैलाचे खरिपाचे काम संपले. रब्बीची पेरणी साधारण महिनाभराने सुरू होणार. या दोन कामांच्या मधली ही मोकळी जागा आहे. आपल्या वाडवडिलांनी सण नेमका इथे बसवला. तीन महिने ज्या खांद्यावर जू होते, तो खांदा आता उतरला. तो कसा आहे हे पाहायची वेळ हीच.

आता खांदा म्हणजे नेमकी कोणती जागा? वशिंडाच्या पुढे, मानेच्या वर, जिथे जू टेकते ती. नांगर असो, वखर असो, गाडी असो, बैल सगळा भार त्या वीतभर जागेने ओढतो. माणूस डोक्यावर पाटी घेतो तेव्हा खाली चुंबळ ठेवतो. बैलाला चुंबळ नाही. लाकूड थेट कातड्यावर बसते. तीन महिने ते लाकूड पुढेमागे घासते. वरून पाऊस पडतो. ओले कातडे मऊ होते, आणि मऊ कातडे लवकर सोलते. तुमचा हात दिवसभर पाण्यात राहिला आणि मग दोर ओढला, तर काय होते? तसेच हे.

म्हणून खांदा येतो. खांदा येणे म्हणजे काय, हे तुम्ही पाहिलेले आहे. आधी सूज येते. मग केस झडतात. मग कातडे सोलून जखम होते. दुर्लक्ष केले तर तिथे कायमची घट्ट गाठ बसते. असा बैल जू पाहिले की मागे सरतो. मग आपण म्हणतो, बैल आळशी झाला. बैल आळशी झालेला नसतो, त्याला दुखत असते.

खांदमळणी ही नुसती पूजा नाही. ती वर्षातून एकदा केलेली तपासणी आहे. हात फिरवल्याशिवाय खांदा मळता येत नाही, आणि हात फिरवला की खांद्याचे दुखणे कळते. वाडवडिलांनी तपासणी आणि आभार एकाच कामात घातले. पण ती तपासणी आपल्या हातून व्हायला हवी. घाईघाईने हळद फासली, बैलाला आवतण दिले, आणि घरात गेलो, तर हात फिरला पण कळले काहीच नाही.

आता एका घरची गोष्ट सांगतो. गाव जवळचेच आहे, नाव सांगत नाही. घरात एक शेतकरी, त्याची बायको आणि त्याचे वडील. बैलजोडी एक. डावीकडचा सर्जा, वयाने मोठा, अंगाने बुटका. उजवीकडचा राजा, मागच्या वर्षी घेतलेला, तरुण आणि उंच.

खांदमळणीच्या संध्याकाळी बैल धुऊन आणले. बाईने वाटीत लोणी आणि हळद कालवली. आधी तिने राजाचा खांदा मळला. तो मान लांब करून, डोळे मिटून उभा राहिला. मग ती सर्जाकडे गेली. हात लावताच सर्जाने कातडे थरथरवले आणि मान खाली घातली.

ती म्हणाली, "अहो, जरा इकडे या. इथं हात लावा. ही जागा गरम लागते."

शेतकरी म्हणाला, "दिवसभर उन्हात उभा होता, म्हणून असंल."

"मग राजाचा खांदा का नाही गरम? तोही तिथंच उभा होता."

ओट्यावर वडील बसले होते. ते काठी टेकत आले. त्यांनी हाताची पालथी बाजू सर्जाच्या खांद्यावर ठेवली. मग तीच बाजू मानेवर खाली ठेवली. मग पुन्हा खांद्यावर ठेवली.

ते म्हणाले, "सूनबाई बरोबर बोलते. खांदा आला आहे. लोणी राहू दे. आज याला मळायचं नाही."

शेतकरी म्हणाला, "तात्या, वर्षाचा सण आहे. खांदा न मळता कसं चालंल?"

वडील म्हणाले, "दुसऱ्या बाजूला बोट लाव, हळदीचा टिळा लाव. सण झाला. आलेल्या खांद्याला चोळणं म्हणजे गळवाला चोळणं. देव काही रागावत नाही."

या गोष्टीत तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. त्या एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट, खांदा कसा पाहावा. वडिलांनी तळहात ठेवला नाही, हाताची पालथी बाजू ठेवली. आपले तळहात कामाने राठ झालेले असतात. त्यांना ऊन-गार लवकर कळत नाही. पालथ्या बाजूला कळते. आईसुद्धा लेकराचा ताप तसाच पाहते. एका जागेला हात लावून भागत नाही. खांदा आणि मान, या बैलाचा खांदा आणि त्या बैलाचा खांदा, असे दोन ठिकाणी हात लावून ताडून पाहावे. मग अंगठ्याने हलके दाबावे. बैल कातडे थरथरवतो का, मागे सरतो का, मान खाली घालतो का ते पाहावे. दाबलेल्या जागी खळगा राहिला तर आत सूज आहे. केस तुटलेले, झडलेले आहेत का ते उजेडात पाहावे. हे सगळे करायला एका बैलाला पाच मिनिटे पुरतात. हळद लावण्याच्या आधी पाहावे, कारण हळद लावली की कातडे दिसत नाही.

दुसरी गोष्ट, खांदा तीन प्रकारचा असतो, आणि तिन्हींना एकच उपाय चालत नाही.

एक खांदा नुसता थकलेला असतो. सूज नाही, गरम नाही, दाबले तरी दुखत नाही. कातडे थोडे राठ झालेले असते. या खांद्याला लोणी, तूप किंवा गोडे तेल आणि हळद लावून मळावे. कोणी पळसाच्या पानाने मळतात, तेही चांगले. कोमट फडक्याने शेकावे. राठ कातडे मऊ होते, बैलाला बरे वाटते. आपली खांदमळणी याच खांद्यासाठी आहे.

दुसरा खांदा सुजलेला असतो. गरम असतो, दाबले की दुखते, पण कातडे फुटलेले नसते. सर्जाचा खांदा असा होता. याला मळू नये. सूज ताजी असेल तर शेकूही नये. पहिले दोन दिवस थंड पाण्यात भिजवलेले फडके ठेवावे. एका वेळी पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा. फडके गरम झाले की पुन्हा थंड पाण्यात बुडवावे. दोन दिवसांनी आतली आग कमी झाली की मग कोमट शेक द्यावा. सूज हाताला पाण्याच्या पिशवीसारखी लागली तर आत पाणी किंवा पू झाला आहे असे समजावे. ते घरी फोडू नये. घरच्या सुरीने फोडले तर वरून खपली धरते आणि आत घाण राहते. ते काम जनावरांच्या डॉक्टरांचे आहे.

तिसरा खांदा फुटलेला असतो. कातडे सोललेले, लाल मांस दिसते, पाणी वाहते. याला तेल-हळदीचा जाड लेप फासू नये, कारण त्याखाली घाण दडते. उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडे मीठ टाकून जखम धुवावी. स्वच्छ फडक्याने टिपून कोरडी करावी. मग डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. पावसाळ्यात सगळ्यांत मोठी भीती माशीची. माशी जखमेवर अंडी घालते आणि एक-दोन दिवसांत अळ्या होतात. तेव्हा जखमेचा वास येऊ लागतो, बैल सारखी मान हलवतो, आणि जखमेतून पातळ, लालसर पाणी गळते. असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अळ्या आत पोखरत जातात.

काही लोक आलेल्या खांद्याला तापलेल्या लोखंडाचा डाग देतात. काही गाडीचे जळके तेल लावतात. डागाने सूज उतरत नाही. कातडे जळते, आणि त्या जागी जो वण राहतो त्यावर केस येत नाहीत. तो वण जुवाखाली पुन्हा सोलतो. जळक्या तेलाने कातड्याची आग होते. बैल ते चाटतो आणि ते पोटात जाते. हे दोन्ही उपाय टाळावेत.

आणि जी जुनी, घट्ट, न दुखणारी गाठ असते, ती कोणत्याही लेपाने विरत नाही. ती डॉक्टर शस्त्रक्रिया करून काढू शकतात. त्याला वेळ लागतो आणि जखम भरेपर्यंत बैल बसून राहतो. म्हणून ती काढायची की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. काम नसलेल्या दिवसांत ठरवावे.

डॉक्टर कुठे भेटतील? तालुक्याला आणि मोठ्या गावांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी मागवता येते. हा आकडा गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. आता तुम्हांला लिहिता येते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. खांदा का आला? औषध केले आणि कारण तसेच राहिले, तर खांदा पुन्हा येणार.

सर्जाच्या घरी वडिलांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला जू आणायला सांगितले. ते उलटे ठेवून त्यांनी जुवाच्या खालच्या बाजूने हात फिरवला. डाव्या बाजूला लाकडाचा एक पापुद्रा उचकटला होता. त्यावर घाम आणि माती बसून खडबडीत थर झाला होता. खडबडीत कातडीवर तीन महिने हेच घासत होते.

मग त्यांनी दोन्ही बैल शेजारी उभे केले. राजाचा खांदा सर्जाच्या खांद्यापेक्षा चार बोटे उंच होता. जू ठेवले की ते सर्जाकडे तिरके व्हायचे. तिरके लाकूड सपाट बसत नाही. त्याची एक कड रुतते. सगळा भार त्या कडेवर येतो.

आणखी एक कारण मुलानेच सांगितले. आषाढात त्याने तालुक्याहून खताची पोती आणली होती. दहा पोती, पन्नास-पन्नास किलोची. म्हणजे पाचशे किलो. वडिलांनी विचारले, "पोती कुठं रचली होतीस?" तो म्हणाला, "पुढं. मागं रचली तर घसरतात." वडील म्हणाले, "मग ती अर्धी पोती गाडीनं वाहिली आणि अर्धी सर्जानं."

हे नीट समजून घेऊ. बैलगाडीला दोन चाके असतात. ती तराजूसारखी असते. आस मध्ये, पुढे एक पारडे, मागे एक पारडे. ओझे पुढे जास्त झाले तर जुवाची बाजू खाली दबते आणि भार बैलांच्या खांद्यावर पडतो. ओझे मागे जास्त झाले तर जू वर उचलते आणि गळ्याखालचा पट्टा बैलाचा गळा आवळतो. दोन्ही वाईट. ओझे आसाच्या वर, मध्यावर हवे. किंचित पुढे असले तर चालते. याची परीक्षा सोपी आहे. गाडी भरल्यावर, बैल जुंपायच्या आधी, जुवाची बाजू एका माणसाने हाताने उचलून पाहावी. एका माणसाला ती सहज उचलली तर ओझे बरोबर आहे. दोन माणसे लागली तर पोती मागे सरकवावीत. जो भार दोन माणसांना उचलत नाही, तो बैलाने कोसभर मानेवर घेऊन चालायचा का?

त्या घरी मग काय केले? सर्जाला जुवाखालून सोडले. दोन दिवस थंड फडकी ठेवली. डॉक्टर आले, त्यांनी सुई दिली आणि लावायला मलम दिले. तीन आठवडे सर्जाच्या खांद्यावर काहीच ठेवले नाही. गावच्या सुताराकडून जू रंध्याने साफ करून घेतले. जिथे जू टेकते तिथे जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळून तो वरून घट्ट शिवला. मात्र ही गुंडाळी दर दोन-तीन दिवसांनी काढून, धुऊन, वाळवावी लागते. घामाने कडक झालेली गुंडाळी लाकडापेक्षा वाईट. आणि त्यांनी राजाच्या उंचीचा जोडीदार शोधायचे ठरवले. तो मिळेपर्यंत सर्जाला हलकीच कामे. हा खर्चाचा मामला आहे, मला ठाऊक आहे. पण रब्बीच्या पेरणीला बैल बसला तर काय होते? दुसऱ्याची जोडी भाड्याने आणावी लागते, आणि ती त्याचे रान पेरून झाल्यावर मिळते. तोवर रानातली ओल उडते. ज्वारी ओलीवर येते, आपल्या सोयीवर येत नाही.

हे झाले खांद्याचे. आता पोळ्याच्या दिवसाकडे येऊ. त्या दिवशी आपण बैलाला धुतो, शिंगे रंगवतो, मिरवतो आणि जेवू घालतो. यात दोन ठिकाणी प्रेमापोटी बैलाचेच नुकसान होते. एक शिंगात आणि दुसरे पोटात.

शिंगे रंगवायच्या आधी लोक ती तासतात, साळतात. जुना रंग निघावा, शिंग गुळगुळीत दिसावे म्हणून. शिंगाचा वरचा भाग नखासारखा असतो, तो तासला तर दुखत नाही. पण आतला भाग जिवंत असतो, त्यात रक्त असते. दरवर्षी खोल तासत गेले की शिंग पातळ होते आणि आतल्या भागाला इजा पोचते. आपल्या देशी बैलांना शिंगाचा कॅन्सर होतो. शिंगाला होणाऱ्या सततच्या इजेशी जाणकार त्याचा संबंध लावतात. त्याची खूण ध्यानात ठेवा. बैल एकाच बाजूला मान झुकवतो, ते शिंग भिंतीला, झाडाला घासतो, आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित पाणी येते. पुढे शिंग सैल होऊन लोंबते. पहिल्या खुणेलाच दाखवले तर डॉक्टर शिंग काढून बैल वाचवू शकतात. म्हणून शिंगे तासू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि वरून रंग द्या. लोखंडाला द्यायचा तेली रंग नको. गेरू चालतो. रंगवताना दोन्ही शिंगे बुडाशी हाताने धरून पाहा. एक गरम आणि एक गार लागते का? तपासणीचा दिवस आहे, तीही करून घ्या.

आणि धुण्याबद्दल एक शब्द. श्रावणात नदी-ओढे भरलेले असतात. पोळ्याला बैल धुताना माणसे बुडाल्याच्या बातम्या वर्षोवर्षी येतात. ज्या डोहाचा तळ ठाऊक नाही तिथे बैल नेऊ नका. पोरांना एकटे धाडू नका. विहिरीचे चार बादल्या पाणी पुरते.

आता पोट. संध्याकाळी वेशीवर तोरणाखाली बैल उभे राहतात. मानाचा बैल पुढे जातो, तोरण तुटते, पोळा फुटतो. बैल मारुतीच्या दर्शनाला जातात आणि मग घरी येतात. घरची लक्ष्मी त्यांच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते आणि पुरणपोळीचा घास देते. पुष्कळ ठिकाणी बैल भाऊबंदांच्या घरीही नेतात. इथे हिशेब करायला हवा.

समजा, बैल बारा घरी नेला. प्रत्येक घरी एक पोळी दिली. पोळ्या झाल्या बारा. प्रत्येक घरी सुपातले ओंजळभर गहू किंवा ज्वारी दिली. बारा ओंजळी झाल्या. प्रत्येक जण म्हणतो, मी एकच दिली. पण पोट एकाच बैलाचे आहे. वर्षभर कडबा आणि गवत खाणाऱ्या बैलाच्या पोटात एका संध्याकाळी इतके गोड आणि इतके धान्य गेले.

त्याने काय होते? बैलाचे मोठे पोट म्हणजे एक मोठे आंबवणाचे भांडे आहे. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते कडबा आंबवतात, मग बैल रवंथ करतो. या जंतूंना कडब्याची सवय असते. गूळ, पुरण, धान्य एकदम आले की ते फार झपाट्याने आंबते. दही जास्त आंबले की कसे होते? पोटात तसा आंबटपणा होतो. चांगले जंतू मरतात. रवंथ बंद पडतो.

याच्या खुणा लगेच दिसत नाहीत. पोळ्याच्या रात्री बैल बरा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वैरण खात नाही. रवंथ करीत नाही. डावी कूस भरलेली, तट्ट लागते. दात खातो. शेण पातळ, आंबूस वासाचे होते. जास्त झाले तर झोकांड्या खातो आणि बसतो तो उठत नाही. असा बैल दगावतोसुद्धा. लोक म्हणतात, दृष्ट लागली. दृष्ट नाही, पुरण लागले.

रवंथ बंद आहे असे दिसले की धान्य, गूळ, पोळी लगेच बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा. नळीने किंवा बाटलीने जबरीने काही पाजू नका. बैल ठसकला तर औषध फुप्फुसात जाते, आणि मग दोन दुखणी होतात.

यावर उपाय काय? सण बंद करायचा नाही. घरच्या पुरणपोळीची एक पोळी, तीही तुकडे करून द्यावी. बाकीच्या घरी बैलाच्या कपाळाला गंध लावावे, पाय धुवावेत, आणि हिरव्या चाऱ्याची एक पेंढी द्यावी. ज्यांना पोळीच द्यायची आहे त्यांनी ती गड्याला द्यावी. तो वर्षभर बैलाबरोबर राबला आहे आणि त्याला पुरणाने काही होत नाही. बैलांना तोरणाखाली नेण्याआधी पोटभर कडबा घाला. पोट भरलेले असले की तो आधाशासारखा धान्यावर पडत नाही.

आता शेवटचे. पोळा झाला, झूल उतरली, गोंडे काढले. पुढे काय?

बैलांना विश्रांती मिळते. चांगले आहे. पण विश्रांतीत खांद्याचे कातडे मऊ पडते. महिनाभराने रब्बीची पेरणी येते. आपण एकदम पहाटे जुंपतो आणि दिवस मावळेपर्यंत चालवतो. खांदा येतो तो बहुधा याच दिवसांत. म्हणून सुरुवात चढती ठेवावी. पहिल्या दिवशी सकाळी दोन तास काम. दुसऱ्या दिवशी तीन तास. चार-पाच दिवसांत पुऱ्या कामावर आणावे. पेरणीची तारीख ठाऊक असते. हे चार-पाच दिवस तिच्या आधी धरावेत आणि वखराच्या हलक्या पाळ्या घालाव्यात. पाऊस चालू असताना, खांदा ओला असताना जू ठेवू नये. आधी फडक्याने पुसावे.

ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी सरकारचा नियमही आहे. तो १९६५ साली झाला. जनावराला दिवसात सगळे मिळून नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये. विश्रांती न देता सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवू नये. जिथे ३७ अंशांहून अधिक ऊन तापते, तिथे दुपारी बारा ते तीन जुंपू नये. पाच तास ही कायद्याने घातलेली शेवटची हद्द आहे. शहाणा माणूस त्याच्या आधीच बैल सावलीत बांधतो.

संध्याकाळी बैल सुटला की आधी काय करावे? पुष्कळ जण आधी औत ठेवतात, मग हातपाय धुतात, मग चहा घेतात. जू काढल्यावर पहिला हात खांद्यावर फिरवावा. पालथा हात, एकदा या बैलाला, एकदा त्या बैलाला. गरम लागले तर उद्या त्याला सोडावे. एवढे केले तर पुढच्या खांदमळणीला सूनबाईच्या हाताखाली सर्जा मान लांब करून, डोळे मिटून उभा राहील.